मदत हवी आहे: फुटाला १,७५०, फुटाला २,३५० आणि मीटरला २४,०००. खरा आकडा कोणता?

निशिगंध
कराडजवळ गावात घर बांधतोय, तळमजला अधिक एक. सोमवारी बँकेत अंदाजपत्रक द्यायचंय. एक ठेकेदार फुटाला १,७५० म्हणतो, दुसरा २,३५०. आर्किटेक्टने कागदावर 'चौ.मी.ला २४,०००' लिहून दिलंय. दोन्ही ठेकेदार 'मालासकट' म्हणतात. सहाशे रुपयांचा फरक म्हणजे एकजण लुबाडतोय, हे उघड आहे. कोण ते सांगा. लेक्चर नको, फार वैतागले आहे.

पडवी
ताई, किती मीटरचं घर?

कोथरूडकर
सुपर बिल्टअपवर पैसे देऊच नका. आमच्या बिल्डरने लॉबी, लिफ्ट सगळं आमच्या माथी मारलं. कार्पेटच मागा.

निशिगंध
@कोथरूडकर फ्लॅट नाही हो, स्वतःच्या जागेत घर बांधतोय. @पडवी नकाशावर १४२ चौ.मी. आहे.

दस्तऐवज
भांडायचं कशाला? रेडी रेकनरमध्ये बांधकामाचा दर चौरस मीटरने दिलेला असतो. सरकारी आकडा आहे. तो घ्या, १४२ ने गुणा, काम झालं.

सायटवरचा
@दस्तऐवज तो दर मुद्रांक शुल्कासाठी मूल्यांकन करायला असतो. त्यात तुमच्या बाथरूमची लादी कुठली हे कोणी विचारत नाही. त्या दराने घर बांधून देणारा भेटला तर मलाही नंबर द्या.

ताई, १४२ मीटर म्हणजे १,५२८ फूट. आर्किटेक्टचे २४,००० म्हणजे फुटाला साधारण २,२३०. आता एकच सांगा: १,७५० वाल्याने एकूण रक्कम किती लिहिली आहे? दर सोडा, खालचा आकडा बघा.

निशिगंध
३१,८५,०००. दुसऱ्याचे ३५,९०,८००.

सायटवरचा
भागून बघा. ३१,८५,००० भागिले १,७५० म्हणजे १,८२० फूट. दुसऱ्याने १,५२८ च धरलेत. पहिला स्लॅब मोजतोय: पोर्च, गॅलरी, छज्जे, जिन्यावरची हेडरूम, सगळं. आमच्या भागात बरेच जण असंच मोजतात, ती लबाडी नाही. पण त्याचा दर तुमच्या नकाशातल्या फुटांवर आणला तर २,०८४ होतो. सहाशेचा फरक गेला, उरले २६६. म्हणजे चार लाख सहा हजार.

निशिगंध
बाप रे. सासरे तर पहिल्याला आगाऊ रक्कम द्यायला निघाले होते. पण हे चार लाख कशाचे?

गवंडीकाका
दोघांनाही सोडा. मजुरी ठरवा, माल स्वतः आणा. मी २०१६ ला तसंच केलं, चांगले पैसे वाचले.

पडवी
काका, तुम्ही निवृत्त होतात, रोज सायटवर बसायचात. यांची नोकरी असेल तर सिमेंटच्या गोण्या कोण मोजणार?

गवंडीकाका
माझा पुतण्या मोजायचा. आणि हल्ली माणसं विश्वासाची राहिली नाहीत म्हणूनच सांगतोय.

सायटवरचा
ताई, दोन्ही कोटेशनांची मागची पानं टाका. लादीचा बेसिक रेट, बाथरूमची लादी किती उंच, नळ-भांडी किती रुपयांपर्यंत, खिडक्या आणि रंग, एवढं.

निशिगंध
पहिला: लादी ४० रुपये फूट, बाथरूमची लादी ४ फूट, फिटिंग प्रत्येक बाथरूमला २५,०००, टू ट्रॅक अ‍ॅल्युमिनियम, आत डिस्टेंपर.
दुसरा: लादी ७०, उंची ७ फूट, फिटिंग ६०,०००, थ्री ट्रॅक जाळीसकट, पुट्टी आणि इमल्शन.
बाथरूम तीन, साधारण ५ बाय ८. हे आधी लिहायला हवं होतं का?

पडवी
हेच तर कोटेशन आहे, ताई! वरचा आकडा नुसतं मुखपृष्ठ.

सायटवरचा
माझे अंदाजी दर धरून मांडतो, तुम्ही दुकानात ताडून बघा.

फरशी तुटफुटीसकट १,२७० फूट, फुटाला ३० जास्त: ३८,०००. बाथरूमच्या भिंतीला तीन फूट वाढीव लादी. दार सोडून घेर साडेतेवीस फूट, तीन बाथरूम मिळून २११ फूट, मजुरीसकट ११० ने २३,०००. फिटिंग ३५,००० गुणिले ३ म्हणजे १,०५,०००. खिडक्या १९० फूट, २५० ने ४७,५००. आणि रंग: आतल्या भिंती आणि छत मिळून ४,९०० फूट धरतो, कारण रंगाचं क्षेत्रफळ घराच्या फुटांच्या तिप्पट तरी निघतं. फुटाला १८ जास्त म्हटलं तरी ८८,०००.

झाले तीन लाख. तुमच्या १४२ मीटरवर वाटले तर मीटरला साधारण २,१००. सगळे जण लादीच्या दुकानात घासाघीस करतात, पण इथे फरशीचे ३८,००० आणि नळ-भांड्यांचे लाखावर. सिमेंट, स्टील, विटा दोघांच्याही सारख्याच. फिनिशिंग वाढवलं म्हणून कॉलम जाड होत नाही.

उरलेल्या एका लाखाचं मला सांगता येत नाही. लाइटचे पॉइंट किती धरलेत ते दोघांना विचारा.

दस्तऐवज
मग दर कशाला सांगतात चौरस मीटरचा? फसवणूकच झाली ना.

सायटवरचा
फसवणूक नाही, पण दर कुठल्या घरातून आला ते माहीत हवं. ताई, आर्किटेक्टने २४,००० कुठून काढले?

निशिगंध
आत्ताच फोन केला. गेल्या वर्षी २६० मीटरचा बंगला केला, त्याच दराने. तिथेही बाथरूम तीनच होती, म्हणे.

सायटवरचा
मग तो दर तुम्हाला कमी पडेल. एक बाथरूम पाइप, वॉटरप्रूफिंग, लादी सगळं धरून १,८०,००० मानलं तर तीन बाथरूमचे ५,४०,०००. बंगल्यात ते २६० मीटरवर पसरले, मीटरला २,०७७. तुमच्याकडे तेच १४२ वर, मीटरला ३,८०३. फरक अडीच लाखांच्या आसपास. लहान घराचा दर चढाच निघतो.

कोथरूडकर
म्हणजे बाथरूम दोनच ठेवा. आमच्याकडे पाच माणसांत दोन आहेत, कुणाचं अडत नाही.

निशिगंध
सासूबाईंना खाली हवंच आहे, दोन नाही चालणार. मग बँकेत ३५.९ लिहू का?

पडवी
थांबा. कंपाउंड, शोषखड्डा, पाण्याची टाकी, किचनची कपाटं यात आहेत का? आणि जमीन काळी की मुरमाड? काळी असली तर पाया मुरुमापर्यंत न्यावा लागतो, आणि ते दोघांपैकी कोणी धरलं नसेल तर फिनिशिंगचा हिशेब बाजूलाच राहील.

निशिगंध
काळीच आहे. टाकी दुसऱ्याने धरली आहे, बाकी कोणीच नाही. खड्डा खणून बघितलेला नाही.

गवंडीकाका
आधी खड्डा खणा. या एका बाबतीत सायटवरचा म्हणतील तेच मी म्हणेन.

सायटवरचा
मी अजून काही म्हटलेलं नाही, काका. पण हो. उद्या दोन कोपऱ्यांत जेसीबी लावून बघा, मुरूम किती फुटांवर लागतो ते इथे लिहा. मग बँकेचा आकडा ठरवू.

निशिगंध
उद्या रविवार. जेसीबीवाला येईल का, ते बघते.