दिवाळी पाडव्याला सराफी पेढीची शुभेच्छा जाहिरात: मजकूर सुचवा

रेवती_स: तालुक्याच्या गावी आमची सराफी पेढी आहे. स्थानिक दैनिकात दोन कॉलम रुंद, 8 सेंमी उंच, कृष्णधवल जाहिरात द्यायची आहे. सध्याचा मजकूर: "साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण मुहूर्त! दिपावली पाडव्याच्या मंगलमय, आनंदमय व तेजोमय शुभेच्छा. घडणावळीवर आकर्षक सूट. मालक व समस्त परिवार." सासऱ्यांना थोडक्यात पण भारदस्त हवंय. पाडव्याच्याच अंकात यावी.

ऋतुगंध: तीन "मय" काढा, एकदा "हार्दिक" पुरे. "दीपावली" दीर्घ दी. मुहूर्ताची ओळ ठेवा, सराफाला ती शोभते. काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं आणि वर लक्ष्मीचं चित्र घ्या, उठून दिसेल.

टंकशाळा: आधी तारीख बघा. लक्ष्मीपूजनाला बहुतेक मराठी दैनिकांच्या कार्यालयांना सुटी असते, म्हणून पाडव्याला अंकच निघत नाही. जाहिरात लक्ष्मीपूजनाच्या अंकात द्या, आणि तो आदल्या दिवशी वाचला जाणार म्हणून "आज" हा शब्द मजकुरात नको. सुटी कधी आहे ते जाहिरात विभागाला विचारून घ्या.

मुहूर्ताची ओळ ठेवायला हरकत नाही, पण "पूर्ण" चूक आहे. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा हे तीन पूर्ण, बलिप्रतिपदा अर्धा. सोनं घ्यायला येणारी वडीलधारी माणसं हे लगेच धरतात.

काळी पट्टी टाळा. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते, पांढऱ्या अक्षरांतले रफार आणि अनुस्वार बुजतात. लक्ष्मीऐवजी पणती घ्या, कारण त्याच कागदात उद्या कोणी भाजी बांधेल. या जागेत पाच ओळींपेक्षा जास्त नको:

॥ शुभ दीपावली ॥
पाडव्याच्या शुभमुहूर्तावर
आपल्या घरी सुखसमृद्धी नांदो.
(पेढीचे नाव), सराफ बाजार
पाडव्याला पेढी दिवसभर सुरू

पेढीचं नाव सर्वांत मोठं, शुभेच्छा त्याहून लहान. मजकूर युनिकोडमध्ये पाठवला तर काही छापखान्यांच्या जुन्या फाँटमध्ये जोडाक्षरं तुटतात. म्हणून पीडीएफ द्या आणि प्रूफ कागदावर छापून वाचा.

गोडवा_घरचा: आमचं मिठाईचं दुकान. "शुद्ध तुपातील फराळ" आणि खाली दर, असं चालेल ना?

टंकशाळा: फराळात तेलात तळलेली चकली आली की ते वाक्य खोटं ठरतं. "साजूक तुपातील बेसन लाडू व करंजी" असं नाव घेऊन लिहा. दर शुभेच्छेत नको, त्यांची जाहिरात आठवडाभर आधी वेगळी द्या, कारण फराळाची मागणी तेव्हाच नोंदवली जाते.

ऋतुगंध: अर्ध्या मुहूर्ताचं मान्य. पण घडणावळीची सूट गाळणं पटत नाही. पाडव्याला गिऱ्हाईक दोन पेढ्यांत तुलना करूनच येतं.

टंकशाळा: मग सूट किती टक्के ते लिहा. "आकर्षक" वाचून कोणी दुकान बदलत नाही. शुभेच्छेच्या चौकटीत मात्र मी ती घेणार नाही.

रेवती_स: सासरे म्हणतात, तिन्ही भावांची नावं हवीतच. पाच ओळींत कुठे बसवू?