मधल्या टेकडीचा माथा सपाट काढू नका

> १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर अ ६४० मी., ब ५६० मी., अंतर ८ सेंमी. मधे ५८० ची बंद समोच्च रेषा. छेदात दृष्टिरेषा टेकडीच्या वरून जाते. मग अ वरून ब दिसतो ना?

एवढ्यावरून नक्की सांगता येणार नाही. कागदाची पट्टी ठेवून रेषांच्या खुणा घेताना ५८० च्या दोन खुणा मिळाल्या आणि त्या आडव्या रेघेने जोडल्या, असं झालं असावं. पण लागोपाठच्या समोच्च रेषांमधला उंचीचा फरक २० मी. आहे. त्या बंद रेषेच्या आतली जमीन ५८० च्या वर चढते, फक्त ६०० ला पोचत नाही. म्हणून तिथे माथा गोलसर, किंचित वर काढायचा.

आता हिशेब करा. समजा टेकडी अ पासून ५ सेंमी वर, म्हणजे अडीच किमी वर आहे. ८० मी. चा उतार ८ सेंमी मध्ये, म्हणजे सेंमी ला १० मी. तिथे दृष्टिरेषा ५९० वर येते. माथा ५८५ असेल तर ब दिसेल, ५९५ असेल तर नाही. माथ्याजवळ ठिपका आणि उंचीचा आकडा छापलाय का, ते आधी बघा. निकाल तोच देतो. आकडा नसेल तर "अनिश्चित" लिहा, मी तरी तेच लिहीन. झाडीची खूण असेल तर पाच-दहा मीटर आणखी धरा.

उभं प्रमाण कितीही वाढवलंत तरी उत्तर बदलत नाही, कारण जमीन आणि दृष्टिरेषा दोन्ही सारख्याच ताणल्या जातात.