३७ आठवडे, रिपोर्टमध्ये 'मानेभोवती नाळेचा एक वेढा'. सिझेरियन करून घ्यावं का?

माहेरवाशीण
मदत हवी आहे. पहिलंच बाळंतपण आहे, महिनाभरापूर्वी माहेरी आले. परवा ३७ आठवडे ३ दिवस झाले तेव्हा सोनोग्राफी झाली. बाळाचं डोकं खाली, अंदाजे वजन २.७ किलो, पाणी (एएफआय) ११, डॉपलर नॉर्मल. आणि सगळ्यात शेवटी ठळक अक्षरात लिहिलंय की मानेभोवती नाळेचा एक वेढा आहे.

डॉक्टर म्हणाल्या, कळांची वाट बघू, पण फारच टेन्शन येत असेल तर तारीख ठरवून सिझेरियन करता येईल. पुढे पेशंटची रांग होती, मला जास्त विचारता आलं नाही. घरी आल्यावर मामी म्हणाल्या, बाळाला फास बसलाय आणि वाट कसली बघताय? सासूबाईंचा फोन आला, त्यांचं म्हणणं की मी सातव्या महिन्यात गच्चीत कपडे वाळत घालताना दोरीखालून ये-जा करत होते, म्हणून हे झालं. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.

हे खरंच माझ्यामुळे झालंय का? बाळाचा श्वास कोंडत असेल का? नॉर्मल व्हावं अशी फार इच्छा आहे, पण बाळापेक्षा माझी हौस मोठी नाही. माहितगारांनी कृपया लिहा.

आजीचा_बटवा
अगं घाबरू नकोस. नाळ सातव्या ते दहाव्या दिवसापर्यंत आपोआप सुकून पडते. तिला तेल, हळद, राख काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची आणि लंगोट नाळेच्या खाली बांधायचा. माझ्या नातवाची बाराव्या दिवशी पडली होती.

माहेरवाशीण
काकू, बाळ अजून पोटात आहे. 🙏 पण हेही लक्षात ठेवते.

कृष्णाकाठ
ताई, बिनधास्त राहा. पोटात बाळ नाकातोंडाने श्वास घेतच नाही, त्यामुळे नाळ गळ्याला कितीही आवळली तरी काहीही होत नाही. आमच्या मुलीच्या वेळी दोन वेढे होते, ती आज सहावीत आहे. फक्त डाव्या कुशीवर झोपत जा, वेढा आपोआप सुटतो.

रानजाई
मी प्रसूतितज्ज्ञ आहे, १८ वर्षं हेच काम करतेय. माहेरवाशीण, तुम्हाला न तपासता तुमच्या बाळंतपणाचा निर्णय मी इथून देणार नाही, पण वेढा म्हणजे काय ते नीट सांगते.

कृष्णाकाठ यांचं पहिलं वाक्य बरोबर आहे. बाळाच्या फुफ्फुसांत आत्ता पाणी आहे, हवा नाही. त्याला प्राणवायू मिळतो तो वारेतून, नाळेतल्या रक्तावाटे. त्यामुळे 'फास' हा शब्दच चुकीचा आहे. फासात श्वासनलिका दाबली जाते आणि माणूस गुदमरतो. इथे श्वासनलिकेतून काही जातच नाही, तर गुदमरणार काय?

पण 'कितीही आवळली तरी काही होत नाही' हे मात्र बरोबर नाही. काळजी गळ्याची नसते, नाळेची असते. नाळ खूप दाबली गेली तर तिच्यातला रक्ताचा प्रवाह कमी होऊ शकतो. मग तसं सहसा का होत नाही? नाळ म्हणजे साधी दोरी नव्हे. आत तीन रक्तवाहिन्या असतात आणि त्यांच्याभोवती घट्ट जेलीसारखा थर असतो. ओली नाळ हातात धरली की कळतं, ती बुळबुळीत आणि रबरासारखी असते, दाबली तरी पुन्हा फुगते. शिवाय ती पिळलेली असते, त्यामुळे सहज चेपत नाही.

दुसरी गोष्ट लांबीची. पूर्ण दिवसांच्या बाळाची नाळ साधारण ५० ते ६० सेंटिमीटर असते. एका वेढ्यात त्यातला काही भाग गेला तरी उरलेली नाळ पुरेशी सैल राहते. लोकांना वाटतं की बाळ खाली सरकू लागलं की नाळ ताणली जाणार. झाडाला बांधलेली दोरी ओढली की ताणते, तसं. पण इथे झाडच खाली येतं. बाळ उतरतं तशी गर्भपिशवी आकसते आणि वार बाळापाठोपाठ खाली येत राहते.

आणि वेढा होतो कशाने, तर बाळाच्या हालचालींनी. पाण्यात ते कोलांट्या मारतं, नाळेतून जातं, परत बाहेर येतं. नाळ लांब असेल, पाणी भरपूर असेल तर शक्यता जास्त. आईने हात वर केले, दोरी ओलांडली, सुईदोरा हातात घेतला, यातलं काहीही आतल्या नाळेपर्यंत पोहोचत नाही. सासूबाईंना सांगा, चार-पाच जन्मांमागे एका बाळाच्या मानेला वेढा असतो. इतक्या सगळ्या आया दोरीखालून गेल्या नव्हत्या.

डाव्या कुशीवर झोपणं चांगलंच, पण ते तुमच्या रक्ताभिसरणासाठी. त्याने वेढा सुटत नाही. सुटला तर बाळच सोडवतं.

ध्वनिलहरी
मी सोनोग्राफी करतो, म्हणून रिपोर्टच्या बाजूने थोडं. पडद्यावर आम्हाला मानेच्या मागे त्वचेवर खाच दिसते आणि रंगीत डॉपलर लावला की तिथे नाळेचा रंग दिसतो. पण तो वेढा सैल आहे की घट्ट, हे आम्ही खात्रीने सांगू शकत नाही. आज दिसलेला वेढा उद्या नसू शकतो, आज न दिसलेला जन्माच्या वेळी असू शकतो. दिवस भरत येतात तसं वेढ्यांचं प्रमाण वाढतं.

रानजाई
मग ठळक अक्षरात लिहिता कशाला? तुमच्या एका ओळीने माझ्याकडे दर आठवड्याला रडवेल्या आया येतात. ज्या गोष्टीवरून उपचार बदलत नाहीत, ती रिपोर्टात लिहू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ध्वनिलहरी
आणि नाही लिहिलं आणि पुढे काही झालं, तर नातेवाईक रिपोर्ट घेऊन माझ्याच दारात येतात. दिसलेली गोष्ट लपवली म्हणतात. ठळक करू नये हे मान्य. अजिबात लिहू नये हे मला मान्य नाही.

अबोली
मला इथे लिहिताना जड जातंय, पण राहवत नाही. माझ्या बहिणीचं बाळ ३९व्या आठवड्यात पोटातच गेलं. मानेला दोन वेढे होते. सगळे म्हणाले, नाळेने गेलं. आधी सिझेरियन केलं असतं तर आज ते असतं, असं ती तीन वर्षं म्हणतेय. तुम्ही 'सहसा काही होत नाही' म्हणता तेव्हा तिला काय सांगायचं?

रानजाई
अबोली, बहिणीबद्दल फार वाईट वाटलं. एक विचारू का? वारेची तपासणी झाली होती का? बाळाचं वजन दिवसांच्या मानाने कमी होतं का? बहिणीला बीपी, साखर?

विचारते कारण असं की जिवंत, ठणठणीत जन्मलेल्या इतक्या बाळांना वेढे असतात, तर गेलेल्या बाळांपैकीही काहींना ते असणारच. वेढा डोळ्यांना दिसतो, म्हणून सगळं खापर त्याच्यावर फुटतं आणि खरं कारण शोधायचं राहून जातं. बऱ्याचदा ते वारेत असतं. नाळ कधीच कारण नसते असं मी म्हणणार नाही. क्वचित असते. पण नुसता वेढा दिसला एवढ्यावरून ते ठरत नाही.

अबोली
वार तपासली नव्हती. बाळ दोन किलोच्या आसपास होतं. आणि त्याआधी दीड दिवस हालचाल कमी वाटत होती, पण घरच्यांनी सांगितलं की नववा सरत आला की बाळ शांत होतं.

रानजाई
३९ आठवड्यांना दोन किलो हे बरंच कमी आहे, म्हणजे वार आधीपासून कमी पडत असावी अशी शंका येते. खात्रीने आता कुणालाच सांगता येणार नाही. पण बहिणीला एवढं नक्की सांगा, तिच्या हातून काही चुकलं नव्हतं.

आणि माहेरवाशीण, तुमच्यासाठी या धाग्यातली सगळ्यात कामाची गोष्ट अबोलींनी लिहिली आहे. दिवस भरले की बाळ शांत होतं, हा समज खोटा आहे. हालचालींची पद्धत बदलते, लाथेऐवजी वळवळ जाणवते, पण हालचाल कमी होता कामा नये. जेवल्यावर कुशीवर पडा आणि मोजा. दोन तासांत १० हालचाली भरल्या नाहीत, किंवा रोजच्यापेक्षा बाळ गप्प वाटलं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखान्यात जा. गोड खाऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही. घरी ठोके ऐकायचं यंत्र आणून समाधानही करून घेऊ नका.

सिझेरियनबद्दल: डोकं खाली, वजन ठीक, पाणी ठीक, डॉपलर ठीक, एक वेढा. माझ्याकडे असं कुणी आलं तर केवळ वेढ्यासाठी मी सिझेरियन करणार नाही, कळाही आधी आणणार नाही. डॉक्टरांना पुन्हा भेटा आणि दोनच गोष्टी विचारा. कळांमध्ये ठोक्यांवर लक्ष कसं ठेवणार? आणि गरज पडली तर सिझेरियनची सोय तिथेच आहे का?

कृष्णाकाठ
कळांमध्ये वेढा घट्ट झाला तर कळतं कसं?

रानजाई
ठोक्यांच्या आलेखावरून. नाळ दाबली गेली की ठोके झटकन खाली येतात आणि दाब सुटला की तसेच झटकन वर जातात. अधूनमधून असं होणं बाळ सहज सोसतं. आईला कूस बदलायला लावली की पुष्कळदा थांबतं. ठोके खोल जाऊन सावरायला वेळ लावू लागले, वारंवार व्हायला लागलं, तर मात्र आम्ही थांबत नाही.

डोकं बाहेर आलं की आम्ही बोट घालून मान चाचपतोच. सैल वेढा असेल तर डोक्यावरून काढायचा, पोरीच्या गळ्यातली माळ काढावी तसा. घट्ट असेल तर बाळाचं डोकं आईच्या मांडीपाशी धरून वेढ्यासकट अंग बाहेर येऊ द्यायचं आणि मग सोडवायचं. नाळ आधीच कापणं हा शेवटचा उपाय, कारण ती कापली आणि खांदे अडकले तर बाळाला कुठूनच काही मिळत नाही.

माहेरवाशीण
तीन आठवड्यांनी लिहितेय. मुलगी झाली, ३९ आठवडे ५ दिवस, २.९ किलो, नॉर्मल. 🙏

डॉक्टरांना दोन्ही प्रश्न विचारले. या वेळी त्यांनी बसवून सगळं समजावलं. मध्ये एकदा रात्री हालचाल कमी वाटली, साडेअकराला गेलो, वीस मिनिटं पट्टा लावला, ठोके छान होते. कुणी रागावलं नाही. कळांच्या शेवटी जोर करताना ठोके दोनदा ९०पर्यंत उतरले, मी तर हबकलेच. सिस्टरनी डाव्या कुशीवर वळवलं, पुन्हा १४० झाले. आणि वेढे एक नाही, दोन निघाले! दोन्ही डोक्यावरून काढले. लगेच रडली. चेहरा जरा जांभळट होता आणि गालावर बारीक लाल ठिपके होते, ते दोन-तीन दिवसांत गेले.

सासूबाई अजून दोरीचंच म्हणताहेत.

आजीचा_बटवा
अभिनंदन गं! आता नाळ कोरडी ठेव.

अबोली
खूप आनंद झाला. रानजाई, बहिणीला तुमचं उत्तर वाचून दाखवलं. ती पुन्हा गरोदर आहे, चौथा महिना. या वेळी काय काय तपासायला सांगायचं, ते लिहाल का?

रानजाई
हो. तिचे जुने कागद, बाळाचं नेमकं वजन आणि आत्ताचं बीपी घेऊन वेगळा धागा काढा, तिथे लिहिते. आणि तिच्या डॉक्टरांना मागच्या वेळचं वजन पहिल्याच भेटीत सांगायला सांगा.