"हिला सोडून येतो": मॅच विवाहित आहे का, हे विचारायचं कसं?

सायली_कोथरूड: मी 34, पुण्यात असते. लग्नाच्या साईटवर भेटलेल्या एकाशी दीड महिना बोलतेय, प्रोफाईलवर 'अविवाहित' आहे. पण मेसेज फक्त ऑफिसच्या वेळेत, संध्याकाळी सातनंतर आणि रविवारी गायब. परवा आला, "हिला स्टेशनला सोडून मग बोलतो". मिनिटभरात डिलीट, आणि मग "बहिणीला सोडून". आरोप न करता कसं विचारू? की विचारूच नको?

निखिल_नागपूर: विचारू नकोस, सरळ ब्लॉक कर. बहिणीला कोणी नुसतं 'हिला' म्हणत नाही गं, नाव घेतो नाहीतर ताई म्हणतो. 'हिला' बायकोलाच, सवयीने तोंडात बसलेलं असतं. आणि विचारलंस तर तो सावध होईल, पुढच्या रविवारी दोन मेसेज टाकेल आणि तुलाच वाटेल की उगाच संशय घेतला.

मंडळातल्या_काकू: निखिल म्हणतो तो धोका खरा आहे, पण त्यावर उपाय ब्लॉक नाही. मी 16 वर्षं वधू-वर मंडळात काम करते, विचारताना मुली हमखास करतात ती चूक म्हणजे हातातला पुरावा आधी दाखवतात. "तू हिला का म्हणालास" असं विचारलं की तो 'हिला'चं स्पष्टीकरण देणार, बहीण शेजारीच उभी होती, ऑटोकरेक्ट झालं, आणि मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. तर पुरावा स्वतःजवळ ठेव आणि एकच प्रश्न विचार, तोही आजच्या स्थितीचा: "पुढे जायच्या आधी एक स्पष्ट विचारते, मी हे सगळ्यांनाच विचारते. तुम्ही सध्या कायद्याने विवाहित आहात का, किंवा कुणाशी नात्यात आहात का? केस चालू असेल तरी सांगा." शेवटचं वाक्य गाळू नकोस, कारण "वेगळे राहतो" म्हणणारे मनात स्वतःला अविवाहितच धरतात. घटस्फोटाची डिक्री हातात येईपर्यंत तो कुणाचा तरी नवराच असतो.

विक्रांत_ठाणे: पण काकू, सातनंतर गायब म्हणजे विवाहित हे कुठून आलं? माझ्या आईला स्मृतिभ्रंश आहे, संध्याकाळी ती फार अस्वस्थ होते, तेव्हा मी फोन हातातच घेत नाही. एका मुलीने थेट "बायको घरी असते ना?" असं लिहिलं, मला इतकं लागलं की मी उत्तरच दिलं नाही आणि तिने त्याचाच अर्थ 'हो' लावला. तिने काकूंसारखं विचारलं असतं तर मी त्याच रात्री आईसमोर बसून व्हिडिओ कॉल लावला असता.

निखिल_नागपूर: दादा तुझं वेगळं, तू प्रोफाईलवर खोटं लिहिलं नव्हतंस.

विक्रांत_ठाणे: याने लिहिलंय हे तरी कुठे ठरलंय अजून?

ॲड_इच्छुक: ताई आधी स्क्रीनशॉट काढून ठेव आणि व्यभिचाराची तक्रार कर, 497 लागतं.

मंडळातल्या_काकू: अरे 497 सुप्रीम कोर्टाने 2018 मध्येच रद्द केलंय, आणि ते होतं तेव्हाही तक्रार बाईच्या नवऱ्याची असायची, हिची नव्हे. लग्नाचं खोटं वचन देऊन शारीरिक संबंध ठेवले तर न्याय संहितेचं कलम 69 आहे, पण इथे तर अजून भेटही नाही. स्क्रीनशॉट मात्र काढ, ते बरोबर सांगितलंस. सायली, उत्तर वाचताना एवढं बघ की 'नाही' हा शब्द त्यात आहे का. "माझ्यावर विश्वास नाही?", "असं का वाटलं तुला?" हे उत्तर नव्हे, उलट प्रश्न आहे. आणि 'नाही' आलं तरी तेवढ्यावर थांबू नकोस, रविवारी दुपारी घरच्यांसकट व्हिडिओ कॉल माग. खोटं लिहायला दहा सेकंद लागतात, खोटं घर उभं करता येत नाही.

निखिल_नागपूर: आई-वडील गावी आणि बायको पुण्यात, असंही असतं काकू. आईच सांगते पोरगा अविवाहित आहे म्हणून. आमच्या नात्यात घडलंय.

मंडळातल्या_काकू: हे मात्र खरं, असं मीही पाहिलंय. म्हणून तो राहतो त्या घरातून कॉल हवा, गावाहून नको.

सायली_कोथरूड: काल दुपारी काकूंचं वाक्य जसंच्या तसं पाठवलं. लगेच वाचलं. आज सकाळी सव्वादहाला उत्तर आलं: "तसं काही नाहीये गं, थोडं कॉम्प्लिकेटेड आहे, भेटून सांगतो. शुक्रवारी दुपारी कॉफी?"

निखिल_नागपूर: शुक्रवारी दुपारी. ऑफिसची वेळ. अजून काय हवंय?

विक्रांत_ठाणे: भेट की एकदा, काही गोष्टी खरंच टाईप करता येत नाहीत.

मंडळातल्या_काकू: 'तसं काही नाही' आणि 'कॉम्प्लिकेटेड' एकाच ओळीत आलंय. भेटीला हो म्हणायच्या आधी फक्त एवढंच लिही, "हो किंवा नाही आत्ता सांगा, बाकी सगळं भेटून ऐकेन."

सायली_कोथरूड: पाठवलं. दोन निळ्या टिका आल्यात.