मदत हवी आहे : बिलात 236 युनिट, पण त्यातले 82 चे पैसे आधीच भरलेत, मग परत कशाला?

शाहूपुरीची_सून :
नमस्कार मंडळी, बिलाचा फोटो टाकलाय, जरा बघून सांगा. मागच्या महिन्यात आम्ही बारा दिवस माहेरी गडहिंग्लजला होतो, रीडिंगवाला आला तेव्हा गेटला कुलूप होतं, म्हणून त्या महिन्याचं बिल सरासरी 82 युनिटचं आलं, ते 710 रुपये मी भरले. आता या महिन्याचं बिल आलंय त्यात वापर 236 युनिट लिहिलाय आणि भरायचे 1430. म्हणजे आधी भरलेले 82 युनिट यात परत धरलेत का? स्थिर आकार पण 128 च्या जागी 256 लावलाय. सासरे म्हणतात 100 ओलांडले की सगळेच युनिट महाग दराने लागतात म्हणून असं झालंय. मला काहीच जुळवता येईना, सोमवारी शेवटची तारीख आहे.

पंचगंगा_भावा :
ताई सासऱ्यांचं बरोबर नाही, पहिले 100 स्वस्तच राहतात, वरचे तेवढे महाग. पण तुमच्या बिलात गडबड आहे बघा. 236 मधनं 82 गेले राहिले 154. त्यातले 100 ला 4.71 आणि 54 ला 10.29, वहन आकार 1.17 ने, स्थिर 128, वर 16 टक्के, हे सगळं करून 1548 होतात. तुम्हाला 1430 लावलेत म्हणजे शंभरावर रुपये कमीच लागलेत, पुढच्या बिलात काढून घेतील, तयारी ठेवा.

कळंब्याचा_भाडेकरू :
मला पण असंच झालं. मे महिन्यात एकदम जास्तीचं बिल आलं, नंतर कळलं ते सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल होतं. ताई तुमचं पण तेच असणार, मागच्या बाजूला बघा.

शाहूपुरीची_सून :
दादा ठेवीचं नाही हे, नेहमीचंच बिल आहे, त्यात वीज आकार, वहन आकार असं सगळं वेगवेगळं दिलंय.

मीटरवाले_काका :
फोटो मोठा करून बघितला. बिल बरोबर आहे, 82 युनिट दोनदा लागलेले नाहीत. सुरुवात रीडिंगपासनं करा. मागच्या महिन्याचं बिल काढा, त्यात मागील रीडिंग आणि चालू रीडिंग दोन्ही 4318 च असणार, कारण मीटर वाचलाच नव्हता. आता चालू 4554 आलंय. 4554 वजा 4318 म्हणजे 236, आणि हा वापर दोन महिन्यांचा मिळून आहे. म्हणून स्थिर आकार दोनदा, 256, आणि म्हणूनच स्वस्त दराचा टप्पा पण दोनदा. पहिल्या 100 च्या ऐवजी पहिले 200 युनिट 4.71 ने लावलेत आणि वरचे फक्त 36 युनिट 10.29 ने. पंचगंगा, तुमची चूक इथे झाली, तुम्ही आधी 82 वजा केले आणि मग टप्पे लावले, त्यात मागच्या महिन्यातले 18 स्वस्त युनिट वाया गेले. आधी 236 चं पूर्ण बिल करायचं आणि शेवटी युनिट नाही, रुपये वजा करायचे.

आता हिशोब करू. 200 चे 942 रुपये आणि 36 चे 370.44, मिळून वीज आकार 1312.44. वहन आकार 236 युनिटला 276.12. स्थिर 256. बेरीज 1844.56, त्यावर 16 टक्के वीज शुल्क 295.13. एकूण 2139.69. यातनं मागचं सरासरी बिल 707.79 वजा झालं, राहिले 1431.90. तुम्ही 710 भरलेत म्हणजे 2.21 जास्तीचे जमा होते, ते गेले की 1429.69, आणि दहाच्या पटीत करून 1430. या बिलात इंधन समायोजन शून्य आहे, ते असतं तर युनिटमागे आणखी पैसे आणि त्यावर पण शुल्क लागलं असतं. हे दर 2024-25 चे आहेत, नवीन बिल असेल तर त्यावर छापलेलेच दर घ्या.

शाहूपुरीची_सून :
काका लई उपकार झाले, मी कागदावर करून बघितलं, पैशापर्यंत जुळलं. पण दोन महिने एकत्र केल्यानं आमचं नुकसान तर नाही ना झालं?

मीटरवाले_काका :
नाही. समजा पहिल्या महिन्यात खरा वापर 90 झाला आणि दुसऱ्यात 146, तर वेगवेगळ्या बिलात 46 युनिट महाग दराने गेले असते, एकत्र केल्यावर 36 च गेले. दोन्ही महिने 100 च्या वर असतील तर तेवढंच येतं, जास्त कधीच येत नाही. फक्त वीज आकाराच्या रकान्यात 4.71 समोर 200 युनिट लिहिलेत का ते बघायचं, तिथे 100 च असले आणि काळ दोन महिन्यांचा असला तर लेखी अर्ज द्यायचा. तुमच्यात 200 आहेत.

मला खटकतंय ते वेगळंच. 236 म्हणजे महिन्याला 118. नेहमी 82 च्या आसपास वापरणारं घर, त्यात बारा दिवस बंद, मग वाढलं कशानं? आणि 100 च्या वरचा एकेक युनिट शुल्क धरून 13 रुपये 29 पैशांना पडतो, त्यामुळे शोधायला पाहिजे. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो बघा, शेजारी 3200 imp/kWh, म्हणजे 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट, असं लिहिलंय का?

शाहूपुरीची_सून :
हो, तेच लिहिलंय.

मीटरवाले_काका :
मग आधी मेन बंद करा आणि दिवा बघा. नंतर मेन चालू, पण फ्रिजसकट घरातलं सगळं बंद, आणि घड्याळ लावून मोजा.

पंचगंगा_भावा :
काका रुपये वजा करायचे हे मला माहीत नव्हतं. आमच्या चुलत्याचं पण कुलपाचं बिल आलंय, त्याला सांगतो. पण काका मला अजून शंका आहे, रीडिंग 30 दिवसाच्या जागी 35 दिवसांनी घेतलं तर टप्पा तेवढा वाढवून देतात का नाही?

शाहूपुरीची_सून :
करून बघितलं. मेन बंद केल्यावर दिवा एकदम थांबला. चालू केल्यावर फ्रिज, पंखे, टीव्ही, वायफाय सगळ्याची बटणं बंद होती, तरी मुलगा मोबाईलवर वेळ लावून बसला आणि साधारण दर 20 सेकंदाला एकदा लुकलुकतोच आहे. मी दहा मिनिटं बघितलं, 30 वेळा झाला.

मीटरवाले_काका :
तासाला 180 वेळा, भागिले 3200, म्हणजे 56 वॅट काहीतरी सतत चालू आहे. दिवसाला 1.35 युनिट, महिन्याला 40. 82 आणि 118 मधला फरक 36 चा आहे, आणि तुम्ही गडहिंग्लजला असताना पण हे चालूच होतं. मेन बंद केल्यावर थांबलं म्हणजे मीटर आपोआप पळत नाही आणि शेजाऱ्यानं मीटर आणि मेनच्या मध्ये काही जोडलेलं नाही, मेनच्या पुढच्या वायरिंगवरच आहे काहीतरी. जिन्यातला दिवा, गच्चीवरची टाकी, खालच्या दुकानाला दिलेलं कनेक्शन, असं काही तुमच्या लाईनीवर आहे का?

शाहूपुरीची_सून :
जिन्यातला दिवा आमच्यावर नाही. पण खालचं दुकान मार्चमध्ये भाड्यानं दिलंय, तिथे फ्रीजर नाही, नुसता एक सीसीटीव्ही बसवलाय त्यांनी, त्याची वायर कुठनं आलीय ते मला माहीत नाही. उद्या सकाळी इलेक्ट्रिशियनला बोलावते, दुकानदाराला पण समोर उभं करते आणि एकेक स्विच पाडून दिवा बघते. बिल आजच भरलं.

कळंब्याचा_भाडेकरू :
ताई काय निघालं ते इथेच सांगा, आमच्या मालकानं पण खाली कॅमेरे लावलेत.