हॅमस्ट्रिंग: जॉगिंगला काही नाही, स्ट्राइड्सना पुन्हा चमक. मदत हवी आहे

वेगवेडा: मांडीच्या मागे ओढ बसली होती. आराम केला, दुखणं गेलं. आता ४५ मिनिटं सावकाश पळलं तरी काही होत नाही, पण स्ट्राइड्स काढल्या की तिसऱ्या-चौथ्याला पुन्हा तेच. असं दोनदा झालं. ५ आठवड्यांवर १० किमीची शर्यत आहे. इंटरव्हल कधी सुरू करू? 'डॉक्टरांना दाखवा' एवढंच लिहू नका, प्लीज.

रानवाट: मूळ दुखापत कधीची? नेमकी कुठे: बसायच्या हाडापाशी, मधोमध, की गुडघ्याजवळ? झटकन चमकलं की हळूहळू आवळत गेलं? यातलं काहीच लिहिलेलं नाहीये तुम्ही.

घामाघूम: पेटके आहेत हे. इंटरव्हलच्या आधी मीठ-साखर-पाणी घ्या.

रानवाट: पेटका ताणला की थोड्या वेळात सुटतो. प्रत्येक वेळी स्ट्राइड्सनाच आणि त्याच जागी कसा येईल?

वेगवेडा: १९ दिवस झाले. ४०० मीटरच्या ८ पैकी सहाव्याला, शेवटच्या वळणावर झटकन चमकलं, थांबावंच लागलं. मधोमध, जरा बाहेरच्या बाजूला. काळंनिळं नाही. स्ट्राइड्स आठव्या आणि सोळाव्या दिवशी करून पाहिल्या. स्ट्रेचिंग रोज चालू आहे.

लवचिक: मग ते कमी पडतंय. पायाला टॉवेल अडकवून ३० सेकंद, दिवसातून तीनदा. आखडलेला स्नायूच फाटतो.

रानवाट: @लवचिक, थोडी लवचिकता हवीच, पण ताजी दुखापत ताणत बसलं तर ती चिघळते.

@वेगवेडा, या वर्णनावरून बाहेरच्या बाजूचा बायसेप्स फेमोरिस वाटतो. वेगात पळताना बहुतेक वेळा तोच दुखावतो. पाय पुढे झेपावतो, गुडघा सरळ होत जातो आणि पाऊल टेकायच्या जरासं आधी या स्नायूला लांबता लांबताच नडगीला लगाम घालावा लागतो. वेग वाढला की हा भार फार झपाट्याने चढतो. सावकाश पळताना पाय तेवढा पुढे जातच नाही, म्हणून तुमची ४५ मिनिटं बरं झाल्याचा पुरावा नाहीत. आणि टॉवेलने स्नायू लांबतो, लांबलेला असताना जोर लावायला शिकत नाही.

आज एक करा. पाठीवर झोपा, टाच खुर्चीवर, गुडघा जेमतेम वाकलेला. एका पायावर कंबर वर-खाली करा. दोन्ही पायांचे आकडे सांगा.

कडक_सिंग: एवढा फापटपसारा कशाला? नॉर्डिक सुरू करा, विषय संपला.

रानवाट: नॉर्डिक उत्तमच, पण त्यात कंबरेत वाकणं नसतं, आणि आज सरळ सुरू केलं तर दोन दिवस मांडी धरून बसतील. पुढच्या दुखापतीपासून वाचायला नंतर आणा, आठवड्यातून दोनदा, ४-५ च्या २ सेटपासून.

वेगवेडा: चांगला पाय २२, दुखरा ११. अकराव्याला थरथर, दुखलं नाही.

रानवाट: मग उत्तर तिथेच आहे. एक दिवसाआड हाच ब्रिज, ८ चे ३ सेट, खाली येताना ३ सेकंद. आठवड्याने एका पायावरचा रोमानियन डेडलिफ्ट जोडा. दुखणं १० पैकी २ च्या वर नको, आणि दुसऱ्या सकाळी वाढलेलं नको.

पळण्यात ८० मीटरच्या ६ फेऱ्या: ३० मीटर वेग चढवत, २० टिकवून, ३० उतरवत. शेवटी करकचून थांबू नका, तिथेच पुन्हा ओढ बसते. पूर्ण वेगाच्या ६०% पासून सुरुवात, मध्ये किमान ४८ तास, मग ७०, ८०. त्यानंतर पाच-पाच टक्केच. काही खुपलं तर एक पायरी खाली.

एक गोष्ट उलटी वाटेल: १० किमीच्या गतीचे इंटरव्हल जोरदार स्ट्राइड्सच्या आधी करता येतात, कारण ती गती तुमच्या पूर्ण वेगाच्या बरीच खाली असते. ७०% ची पायरी निर्धास्त झाली की ४०० चे ४, त्याच गतीने. मात्र थकल्यावर पाऊल पुढे फेकलं जायला लागलं की तिथेच थांबा. तुमची सहावी फेरी बहुधा तशीच गेली.

चढउतार: स्ट्राइड्स हलक्या चढावर का नाही? तिथे पाय फार पुढे पसरत नाही.

रानवाट: खरंय, पण चढावर मांडी मागे रेटायचं काम वाढतं. ६० ते ७०% ला चालेल. त्याच्या वर सपाटच.

चढउतार: नाही पटत. ९० पर्यंत चढावर जाऊन मग सपाटीवर ७० पासून यावं.

वेगवेडा: म्हणजे शर्यत?

रानवाट: आणखी २ आठवड्यांनी तोच ब्रिज मोजा. दुखरा पाय विशीच्या आसपास आणि ८०% निर्धास्त असेल तर पळा, शेवटचा फर्राटा सोडून. आत्ता हो म्हणणार नाही.

घामाघूम: शूज कोणते वापरता?