मदत हवी आहे: खड्डा आला की मीटरचे सगळे काटे पडतात, दिव्यांवर भरवसा ठेवू का?

सारंग_नाशिक: गाडी 2011 ची पेट्रोल हॅचबॅक. महिनाभर झालं, खड्ड्यात आदळली की स्पीड, आरपीएम आणि पेट्रोल असे तिन्ही काटे एकदम गळतात. डॅशबोर्डवर थाप मारली की पुन्हा जिवंत. परवा तर काटा अर्ध्यावर होता आणि 35 लिटरच्या टाकीत 31 लिटर बसलं! इशाऱ्याचा दिवा मात्र एकही लागत नाही. म्हणजे इंजिन ठीक ना? शनिवारी कसारा घाट उतरून ठाण्याला जायचंय.

बंडूनाना: टाकीतली पातळी मोजणारा फ्लोट गेला. माझाही गेला होता, बदलला की झालं. दिवा नाही तर चिंता कसली? बिनधास्त जा.

पानाफिरकी: नाना, नुसता फ्लोट गेला असता तर फक्त पेट्रोलचा काटा चुकला असता. तिन्ही एकदम पडतात म्हणजे क्लस्टरचा, म्हणजे अख्ख्या मीटर-पॅनेलचा, करंट किंवा अर्थिंग तुटतंय. थापेने जोडलं जातं, म्हणून मला कनेक्टर किंवा आतल्या सोल्डरचा संशय आहे. अशा मीटरमध्ये काटा छोट्या मोटरवर फिरतो. मध्येच करंट गेला तर तो आपली जागा विसरतो, म्हणून अर्ध्यावर दिसत असेल. फ्लोटही बिघडला असेल, पण ते नंतर बघू.

सारंग, दिव्यांची परीक्षा घे. इंजिन चालू न करता किल्ली ऑनवर फिरव. ऑइल, बॅटरी आणि चेक इंजिनचे दिवे लागलेच पाहिजेत. जो दिवा तेव्हा लागत नाही, त्याच्या गप्प राहण्याला काही अर्थ नाही.

मृण्मयी_क: मोठे टायर बसवल्यापासून माझा स्पीड जीपीएसपेक्षा कमी दाखवतो. तेही यामुळेच का?

पानाफिरकी: नाही हो, तुमचं मीटर चाकाचे फेरे बरोबर मोजतंय. चाकाचा घेर वाढला, एवढंच.

सारंग_नाशिक: पाच वेळा किल्ली फिरवली. दोनदा सगळं अंधारात, थापेनंतर उजळलं. आता स्वस्तातला ओबीडी डोंगल लावून मोबाइलवर बघत गेलो तर?

पानाफिरकी: स्पीड आणि कूलंटचं तापमान थेट इंजिनच्या कॉम्प्युटरकडून, म्हणजे ईसीयूकडून मिळेल. तापमान साधारण 90 अंशांच्या आसपास राहतं. 110 च्या वर चढायला लागलं तर गाडी बाजूला घे. पण या वयाच्या बहुतेक गाड्यांत ऑइल प्रेशर डोंगलवर दिसत नाही. तिथे तो लाल दिवाच एकमेव साक्षीदार, आणि तुझा साक्षीदार अधूनमधून झोपतो. दुरुस्तीआधी मी घाटात नेणार नाही.

बंडूनाना: डिपस्टिकने ऑइल बघून निघायचं की!

पानाफिरकी: पातळी कळेल, नाना. पंप मेला तर पातळी तशीच राहते.

सारंग_नाशिक: इलेक्ट्रिशियनने फ्यूज आणि अर्थिंग तपासलं, दोन्ही ठीक. तो जुन्या बाजारातलं अख्खं क्लस्टर टाकू म्हणतोय.

पानाफिरकी: आधी सोल्डर करून बघायला सांग. दुसऱ्या गाडीचं क्लस्टर टाकलंस तर किलोमीटरही तिचेच दिसतील, विकताना खुलासे देत बसशील.

सारंग_नाशिक: उद्या उघडतोय. ठाण्याला रेल्वेने.